ज्याचं नाव, त्याला आधी वाचून दाखवा

जगातली निम्मी भांडणं चुकीच्या नावावरून होतात, आणि ती सगळी उकरून काढायचा मक्ता रोह्याच्या माझ्या मावससासूबाईंकडे होता, असं माझं पक्कं मत आहे. बाई चाळीसएक वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवत होत्या, त्यामुळे आम्ही घरातलेसुद्धा त्यांना 'बाई'च म्हणायचो. त्यांच्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर सुबक अक्षरात चिठ्ठी. साखर संपली की 'साखर' ही चिठ्ठी त्या काढून ठेवायच्या, कारण रिकाम्या डब्याला साखर म्हणणं म्हणजे त्यांच्या लेखी चक्क खोटं बोलणं. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा साखर नुकतीच वाण्याकडून आली होती. आधी चिठ्ठी शोधली, मग खळ केली, मग चिठ्ठी चिकटवली, वाळायला ठेवली, आणि मग जावयाला चहा मिळाला. तोवर माझी तहान मेली होती. चहा मात्र फक्कड होता, ते कबूल केलं पाहिजे.

माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर वडिलांनी हौसेनं माझ्या नावापुढे कंसात बी. कॉम. छापलं होतं. एक विषय राहिला होता, पण तेवढं कोण बघतंय? बाईंनी भर मांडवात, चष्मा पुसत विचारलं, "जावईबापू, राहिलेला विषय कंसाच्या आत आहे की बाहेर?" मी पुढच्या ऑक्टोबरात मुकाट्यानं पास झालो. शाळेत 'आदर्श विद्यार्थी' असं प्रशस्तिपत्रक सहीला आलं की बाई हेडमास्तरांना विचारायच्या, कशात आदर्श? सहीच करायच्या नाहीत. शेवटी एका मुलाला 'फळा पुसण्यात आदर्श' असं प्रशस्तिपत्रक मिळालं. तो आज मोठा हुद्देदार आहे आणि बाकीची सर्टिफिकेटं फायलीत ठेवून तेवढं एक त्यानं भिंतीवर लावलंय.

त्यांचा नियम एकच होता. कुणाबद्दल काही छापायचं असेल तर छापण्याआधी ते त्या माणसाच्या तोंडासमोर, मोठ्यानं वाचून दाखवायचं. वाचताना आपली जीभ अडखळली तर ते नाव चुकलेलं. माझा पेणला छापखाना. पत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं असा रोजचा धंदा. म्हणजे हा नियम माझ्या पोटावरच पाय. पण बाईंना सांगणार कोण?

रिटायर झाल्यावर माणसं देवळात बसतात, बाई दर शनिवारी रोह्याहून पॅसेंजरनं पेणला यायच्या आणि तिथून एसटीनं जोह्याला. जोहे म्हणजे गणपतीच्या कारखान्यांचं गाव. तिथल्या बाया गणपती येईपर्यंत मूर्तींना रंग देणार, दागिने रंगवणार, शेल्यांच्या किनारी काढणार. हात असे की रेघ हलायची नाही. पण दुसऱ्याच्या साच्याबाहेर कधी काही काढलं नव्हतं. बाईंनी त्यांच्यासमोर कोरे कागद ठेवले आणि सांगितलं, "काय काढायचं ते मला विचारू नका." पहिले दोन महिने सगळ्यांनी गणपतीच काढले. मग एकीनं कंपनीच्या गेटवर शिफ्ट सुटताना उभा असलेला नवरा काढला. एकीनं हप्त्यावर घेतलेलं वॉशिंग मशीन काढलं, त्यावर झोपलेल्या मांजरासकट. धरमतरच्या खाडीकडची, मिठागरात काम केलेली एक आजी यायची, तिनं नुसते पाय काढले. भेगांसहित. सुगंधा नावाची एक होती, कारखान्यात सगळ्यात चलाख आणि तोंडानं फटकळ, तिनं स्वतःला स्कूटीवर काढलं. स्कूटी तिच्याकडे नव्हती. "घेईन तवा हिरवी घेईन, म्हणून हिरवी काढली," एवढंच ती म्हणाली.

अशी नऊ जणींची चित्रं जमली तेव्हा बाईंनी त्यांना शब्द दिला, की रोह्यात हॉलमध्ये प्रदर्शन लावीन आणि तिथे तुम्ही चित्रकार म्हणून उभ्या राहाल. हॉल एका मंडळाचा होता. मंडळाचे अध्यक्ष माणूस मनाचा चांगला, पण कुणाचं भलं करायला निघाला की त्याच्या डोळ्यांत आधी पाणी यायचं. त्यांनी निमंत्रणाचा मजकूर थेट माझ्याकडे पाठवला आणि मी, बाईंना न विचारता, तो छापला. इथे माझी चूक झाली, ती मी लपवत नाही. नाव होतं 'चिखलातली कमळं'. खाली बारीक अक्षरात 'रायगडच्या गरीब पण गुणी महिलांची कला'. आणि फोटो कसला, तर चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या सुगंधाचा. मला तर कार्ड छान वाटलं होतं. लोकांचं मन हलेल, गर्दी होईल, असंच मला वाटलं.

बाईंनी कार्ड हातात घेतलं, वाचलं, पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, "चला जोह्याला. तुम्ही वाचून दाखवायचं."

कारखान्यात रंगाच्या वासात नऊ बाया मांडी घालून बसल्या. मी उभा. 'चिखलातली' म्हणालो आणि तिथेच जीभ अडखळली. कसंबसं 'गरीब पण गुणी' पर्यंत पोचलो. मग सुगंधा म्हणाली, "भाऊ, चिखल कंचा? आमचं घर?"

मी म्हटलं, "तसं नाही, ती आपली उपमा आहे."

"व्हय, पण बसायचं आमीच ना त्यात." मग फोटोकडे बोट दाखवून म्हणाली, "माझ्याकडं गॅस हाय. मंडळाचा फोटोवाला आला, मला लुगडं नेसवलं, शेजारणीच्या चुलीपाशी बसवलं, आनि हसू नको म्हनाला. मी बसले, म्हटलं मोठ्या मानसांचं काम हाय. आता ह्ये कार्ड माझ्या सासरी गेलं, तर सासूबाई म्हनतील, हिनं गॅस विकला काय?"

"गरीब आहोत ते खोटं नाय गो," मिठागरातली आजी हळूच म्हणाली. "पन कार्डावर तेवढंच का?"

सुगंधानं कार्ड परत माझ्या हातात दिलं. "बाई, आमची चित्रं आमाला द्या. ह्या नावाखाली नाय लावायची." बाकीच्या आठ जणींनी माना हलवल्या. प्रदर्शन पुढच्या रविवारी होतं, आणि दोन वर्षांची शनिवारची मेहनत बाईंच्या डोळ्यांदेखत गुंडाळली जात होती.

बाईंनी वही काढली आणि स्वतःचं ठरवून आणलेलं नाव वाचलं: 'खाडीकाठच्या कष्टकरी स्त्रियांची चित्रं.' मला ते फार भारदस्त वाटलं. सुगंधा म्हणाली, "बाई, तुमच्या दारावरच्या पाटीवर कष्टकरी लिवलंय? चाळीस वर्सं तुमी पण राबलाच की."

बाईंना आजवर कुणी चिठ्ठी चुकली म्हणून सांगितलेलं नव्हतं. बाईंनी तो कागद वहीतून फाडला, चार घड्या घातल्या आणि म्हणाल्या, "माझंही चुकलं. मी चित्रांचं नाव ठेवायला आले आणि तुमचंच ठेवून बसले." त्या क्षणी मला त्यांचा जेवढा आदर वाटला तेवढा आयुष्यात कुणाचा वाटलेला नाही.

मग दुपारभर चाललं ते काम मी पहिल्यांदा पाहिलं. बाईंनी प्रत्येक नावाला तीन प्रश्न लावले. हे नाव चित्रांबद्दल बोलतं की काढणारीच्या हालांबद्दल? मुंबईच्या एखाद्या नामांकित चित्रकाराच्या प्रदर्शनाला आपण असलं नाव दिलं असतं का? आणि काढणारी ते आपल्या सासरी मोठ्यानं वाचेल का? 'मीठभाकरीचे रंग' पहिल्याच प्रश्नाला पडलं. 'मातीचं सोनं' दुसऱ्याला. बायांनी स्वतःहून 'बाप्पाच्या लेकी' सुचवलं, तेव्हा बाईंनी विचारलं, हॉलमध्ये लागणाऱ्या चित्रांत बाप्पा किती आहेत? एकही नव्हता. मी आपलं 'आनंदी गाव' सुचवून पाहिलं, तर आजीनं आपले भेगाळलेले पाय माझ्यासमोर धरले, चित्रातले नव्हे, खरे. म्हणजे दुःख मिरवायचं नाही तसं झाकायचंही नाही, हे मला तेव्हा कळलं.

शेवटी बाईंनी नावाचा नाद सोडला आणि साधं विचारलं, "शनिवार सोडून तुम्ही चित्रं काढता कधी?"

"गनपती गेल्यावर," तिघी-चौघी एकदम म्हणाल्या. मूर्ती गाड्यांत भरून गेल्या की कारखाना मोकळा होतो, हात रिकामे ठेववत नाहीत, दुसऱ्याचं काम संपलेलं असतं. "तवाचा टाइम आमचा," सुगंधा म्हणाली.

बाईंनी ते वहीत लिहिलं आणि वही माझ्याकडे दिली. मी मोठ्यानं वाचलं: 'गणपती गेल्यावर. जोहे आणि धरमतर परिसरातील नऊ चित्रकारांची चित्रं.' एकदाही अडखळलो नाही. खाली नऊ जणींची पूर्ण नावं. नव्या कार्डावर चुलीऐवजी हिरवी स्कूटी. रंग कुठून येतात, मजुरी किती अपुरी मिळते, हे सगळं हॉलच्या दाराशी एका कागदावर, बायांच्याच शब्दांत; चित्रांच्या डोक्यावर नाही. प्रत्येक चित्राखाली काढणारीचं नाव, तिनं ठेवलेलं शीर्षक, माध्यम, आकार, गाव. अध्यक्षांना आजीच्या चित्राखाली 'कष्टाचे अलंकार' हवं होतं. "लोकांच्या हृदयाला भिडायला नको का?" ते म्हणाले. "भिडायला चित्र आहे ना," बाई म्हणाल्या. आजीचं शीर्षक होतं, 'पाय, मे महिन्यात'. रविवारी अध्यक्ष त्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले, आणि भाषणात कमळाचा उल्लेख नव्हता.

हॉलच्या कोपऱ्यात यादीबाहेरचं एक चित्र होतं, ते बाईंनाही माहीत नव्हतं. छत्री, थर्मास आणि कागदांची गुंडाळी घेऊन खिडकीशी बसलेल्या बाई. खाली चिठ्ठी: 'बाई, पेणच्या गाडीत, कासू स्टेशनला. सुगंधा.' थोर, माउली, गुरू असला एक शब्द नाही. बाईंनी चष्मा पुसला, दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे." पण त्यानंतर त्या बराच वेळ बाहेर पायरीवर बसून होत्या.

बाई गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. शोकसभेचं कार्ड अर्थात माझ्याकडेच आलं. मजकूर मंडळींनी लिहून दिला होता, कलातपस्विनी वगैरे. मी तो बाजूला ठेवला आणि जुळवलं: त्यांचं नाव, त्याखाली 'चित्रकलेच्या शिक्षिका, रोहा'. एखादा शब्द घालावा असं फार वाटत होतं. खरं सांगतो, फारच वाटत होतं. घातला नाही.

प्रूफ निघालं तेव्हा नियम आठवला, आणि वाचून दाखवायचं कुणाला, ते कळेना. मी जोह्याला गेलो. कारखान्याच्या दारात एक हिरवी स्कूटी उभी होती. सुगंधानं हात पुसून ते कासू स्टेशनचं चित्र भिंतीवरून उतरवलं आणि खुर्चीवर ठेवलं. "वाचा, भाऊ," ती म्हणाली. "मोठ्यानं."

दोनच ओळी होत्या. पहिल्याच शब्दाला मी अडखळलो. सुगंधा म्हणाली, "नाव बरोबर हाय. परत वाचा."