चुण्यांना हात लावायचा तो माझाच

श्रीवर्धनमधल्या आमच्या फोटो स्टुडिओत फोटो काढायचे ते आमच्या ह्यांनी आणि कॉम्प्युटरवर सुधारायचे ते मी, अशी वाटणी लग्नापासूनची आहे. ती एकदाच मोडली. तेव्हा जाऊबाईंचं काम जाता जाता राहिलं.

जाऊबाई ब्लाउज शिवतात. गावात त्यांचा हात सगळ्यांना माहीत, पण गावातली बाई शिलाई द्यायची म्हटलं की नाक मुरडते. दादरच्या एका दुकानवालीला त्यांचे खणाचे ब्लाउज कुणीतरी दाखवले. तिने फोटो मागवले, आवडले तर नवरात्रीचं काम देते म्हणाली. जाऊबाईंनी मला सरळ सांगितलं, "ह्यो शेवटचा प्रयत्न गो. न्हाय जमलं तर मशीन झाकून ठेवते आनि हरिहरेश्वरला लॉजवर भाकऱ्या थापायला जाते."

फोटोच्या दिवशी सकाळपासून वीज नाही. पिशवीत घडी घालून आणलेला ब्लाउज इस्त्रीविना तसाच आमच्या लेकीने घातला. खिडकीच्या उजेडात फोटो सुरेख आले, पण छातीवरून आडवी घडीची रेघ गेलेली आणि बाहीवर चुरगळ. मी म्हटलं, वीज आली की करते. पण ह्यांना कुठला धीर! मी बाजारात गेले तेवढ्यात ह्यांनी मोबाइलवरच्या कसल्याशा ॲपमध्ये बोट फिरवलं आणि फोटो पाठवूनसुद्धा दिला.

दुकानवालीचं उत्तर आलं, "हा कॉम्प्युटरने बनवलेला ब्लाउज वाटतो. खरा माल असेल तर बोला."

जाऊबाईंनी फोटो बघितला आणि त्यांचा चेहरा पडला. "ह्यो माझा ब्लाउज न्हाय," एवढंच म्हणाल्या. खरंच नव्हता. चुरगळ गेली होती, पण तिच्याबरोबर कापडही गेलं होतं. खणावरच्या बारीक बुट्ट्यांच्या ओळी छातीच्या गोलाईवरून वळायच्या सोडून पट्टीने आखल्यासारख्या सरळ, आणि छातीला आकार देणाऱ्या टक्सची शिवण पुसलेली. माझं डोकं असं तापलं! "अहो, तुम्ही काय भिंतीला रंग दिलात का?" मी विचारलं.

वीज आल्यावर मी मूळ फोटो उघडला. माझा नियम साधा आहे. घडीची रेघ कुठूनही कुठेही जाते, तिला अंगाशी देणंघेणं नसतं. ती काढायची. अंगाची चुणी मात्र कुठून तरी निघते, काखेतून, टक्सच्या टोकातून, हुकाच्या ताणातून. तिला मूळ असतं. ती काढली की आतलं माणूसच नाहीसं होतं. ती फार तर थोडी सौम्य करायची.

फोटोचे मी दोन थर केले. एकावर उजेड आणि सावली, दुसऱ्यावर नुसतं विणकाम. आधी पहिल्या थरावर अगदी हलक्या ब्रशने रेघेची सावली शेजारच्या उजेडात मिसळत नेली. त्यामुळे बुट्ट्या जागच्या जागी राहिल्या. मग घडीवर मोडलेले धागे दुसऱ्या थरावर त्याच ओळीतल्या शेजारच्या कापडावरून उचलून बसवले, ओळ जिथे वळते तिथे वळवून. काखेतल्या दोन तिरप्या चुण्या राहू दिल्या. मधेमधे फोटो लहान करून लांबून बघत होते, कारण जवळून सगळंच बरोबर दिसतं. जाऊबाई शेजारी बसून होत्या. शेवटी म्हणाल्या, "हां, आता आत अंग हाय."

दुकानवालीला मी मूळ आणि सुधारलेला असे दोन्ही फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, घडी मी काढली आहे, बाकी सगळं शिवणारीचं आहे. झाकायचं काय होतं त्यात? तिने तोच ब्लाउज मागवून घेतला.

चार-पाच दिवसांनी तिचा व्हिडिओ कॉल आला. दुकानातल्या एका मुलीला तिने तो घातला होता. ब्लाउजला चांगली इस्त्री केलेली. मुलीने हात वर केला, खाली सोडला, आणि काखेत त्याच दोन तिरप्या चुण्या पडल्या. दुकानवाली तिच्याकडे बघत म्हणाली, "अगदी फोटोसारखा बसलाय हो."

"फोटोसारखा न्हाय," जाऊबाई म्हणाल्या. "फोटो माझ्या ब्लाउजासारखा हाय. ह्या माझ्या धाकट्या जावेनं केलाय."

मोबाइल त्यांनी माझ्याकडे वळवला. मी ताठ बसून होते आणि डोळे भरून आले होते, दोन्ही एकदम. दुकानवाली म्हणाली, "नवरात्रीचं काम तुमचंच. कापड उद्या पाठवते." जाऊबाईंनी मान हलवली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "तुझ्या त्या चुण्या मीच पाडल्यात, इसरू नको." मी म्हटलं, "ताई, म्हणून तर राखल्या."