तीन रात्री

आमच्या सूनबाईला घरात आल्यापासून एकच ध्यास होता. मंगला गौरीच्या गल्लीतल्या शेजारच्या इमारतीचा वरचा मजला भाड्याने घ्यायचा, चार खोल्या नीटनेटक्या करायच्या, प्रत्येकीला स्वतंत्र न्हाणीघर द्यायचं आणि महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची राहण्याची सोय करायची. ती नागपूरची. लग्नाआधी तिथल्या एका बँकेत कर्जाच्या फायली तपासायची, त्यामुळे हवेत इमले बांधणारी नव्हे.

या चार खोल्यांवर माझं सगळं पणाला लागलेलं होतं, तेव्हा ते आधीच सांगून टाकते. मुलाला पुण्याची नोकरी चालून आली होती. दोघांनी ठरवलं होतं की खोल्यांचं गणित बसलं, तर पुण्याला नाही म्हणायचं आणि इथेच राहायचं. नाही बसलं, तर पाच वर्षांच्या नातीसकट सगळं बिऱ्हाड पुण्याला. मला ते गणित बसायलाच हवं होतं. काशी विश्वनाथाला मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण बरंच बोलले.

बँकेने आराखडा मागितला. सीएच्या ऑफिसातून एक छापील मसुदा आला. त्यात पेस्टल नावाचं एक भलंमोठं प्रकरण होतं. राजकीय, आर्थिक, सामाजिक, तांत्रिक, कायदेशीर आणि पर्यावरणाचे घटक, म्हणजे बाहेरच्या जगातल्या ज्या ज्या गोष्टी धंद्यावर परिणाम करतील त्या सगळ्या त्यात मांडायच्या. मांडणाऱ्याने हात राखला नव्हता. जागतिक मंदी होती, सरकारचं स्थैर्य होतं, तरुणांची बदलती जीवनशैली होती, हवामानबदलही होता.

"अगं, एवढं तर आपले गुरुजीपण संकल्पात नाही बोलत," मी म्हटलं. गुरुजी म्हणजे आमचे हे. येणाऱ्या यजमानांची श्राद्धं, गंगापूजन, नावेतून पाच घाटांची पंचतीर्थी, सगळं तेच करतात. आमच्या घराण्यात हेच चालत आलं आहे.

सूनबाई हसली नाही. तिने पेन घेतलं. "आई, मी बँकेत हेच बघत होते. लोक बारा पानं लिहून आणतात आणि पुढच्या हिशेबात त्यातलं एक अक्षर दिसत नाही. मी एकेक वाचते. यातनं आपला कुठला आकडा हलतो, एवढंच मला विचारायचं. हलत नसेल तर काट मारायची."

दुपारभर आम्ही दोघी तेच करत बसलो. मला तो खेळ फार आवडला. मला आयुष्यभर फालतू बोलणाऱ्यांचा तिटकारा, आणि इथे फालतू बोलणं पेनाने खोडायची सोय होती. जागतिक मंदी? नाशिकचा माणूस वडिलांच्या अस्थी घेऊन निघतो तेव्हा मंदी बघत नाही, म्हणून काट. सरकारचं स्थैर्य? कुठला आकडा, ते सांगता येईना, म्हणून काट. जीएसटी मात्र मला मोठी गोष्ट वाटत होती. तिने वर्षाची उलाढाल मांडून दाखवली. नोंदणीच्या मर्यादेच्या बरीच खाली होती, म्हणजे तो कर लागतच नव्हता. तीही काट.

जे राहिलं, त्याच्यापुढे तिने आकडा लिहिला. कर्जाचं व्याज बदलतं होतं, म्हणून व्याज वाढलं तर हप्ता किती वाढेल ते लिहिलं. वीज घरगुती दराने मिळते की व्यावसायिक, यावर बिल ठरणार, म्हणून दोन्ही बिलं मांडली. 'हवामानबदल' खोडून तिने 'पाणी चढल्यावर नावा बंद' असं लिहिलं. बालाजी घाटावरून नाव मिळाली नाही की म्हातारी माणसं एवढ्या गल्ल्या चालू शकत नाहीत, मग ती येणंच पुढे ढकलतात. म्हणून पावसाळ्यातल्या त्या दिवसांत तिने खोल्या निम्म्या रिकाम्या धरल्या. पितृपक्षाला मात्र हात लावला नाही, कारण तेव्हा लोक गुडघे धरत का होईना, येतातच.

कुंभाच्या वर्षातली गर्दी तिने हिशेबातून काढूनच टाकली. "ती प्रयागची होती, आई. आपली नाही. तिच्यावर वर्ष नाही बेतायचं." मला आतून हायसं वाटत होतं. एवढी काटछाट होऊनही गणित उभं होतं. महिन्याला सरासरी तीस कुटुंबं आणि प्रत्येकाच्या तीन रात्री, म्हणजे नव्वद. हप्ता, भाडं, पगार, वीज सगळं निघायला साठ पुरत होत्या.

तेव्हा मी तिला सहज विचारलं, "या तीन रात्री कुठून आणल्यास?"

"बाबा म्हणाले. काशीत त्रिरात्र वास करायचा असतो ना? पहिल्या दिवशी श्राद्ध, दुसऱ्या दिवशी पंचतीर्थी, तिसऱ्या दिवशी देवदर्शन. यजमान तीन रात्री राहतात, असं त्यांनीच सांगितलं."

मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. काम काहीच नव्हतं. मटकीचा डबा समोर होता.

आमच्याकडे यजमान उतरायचे तेव्हाची माझी एक रीत होती. ते आले की त्याच रात्री मी मटकी भिजत घालायची. सकाळी उपसून फडक्यात बांधायची. तिसऱ्या दिवशी मोड आलेल्या मटकीची उसळ पानात पडायची आणि सातारा-सांगलीकडची माणसं म्हणायची, वहिनी, इथे घरचं मिळालं. कितीतरी बायकांनी जाताना माझे हात हातात घेतले ते त्या उसळीपायी.

आणि मी यजमानांसाठी मटकी भिजवणं कधीच सोडून दिलं होतं. कोणी मला सांगितलं नव्हतं. मोड यायच्या आत माणसं निघून जायला लागली, एवढंच. पहाटे येतात, दुपारपर्यंत सगळं उरकतात आणि संध्याकाळी विमानाने किंवा गाडीने परत. फार तर एक रात्र. उसळ उरायची आणि ती आम्हीच खायचो.

डब्यापुढे मी किती वेळ उभी होते ते आठवत नाही. गप्प बसणं अगदी सोपं होतं. बँकेला त्रिरात्र वास काय ठाऊक? नात आतल्या खोलीत बाहुलीला दटावत होती, थेट माझ्या आवाजात. मला फार रडू आलं. मग मी बाहेर येऊन सांगितलं.

"मी मटकी भिजवत नाही आता."

ती बघतच राहिली. मी सगळं उलगडून सांगितलं. हे संध्याकाळी घाटावरून आले तेव्हा तिने त्यांना हळू विचारलं, "बाबा, हल्ली लोक किती रात्री राहतात?"

"तीन. शास्त्रच आहे."

"शास्त्र नाही, बाबा. लोक."

ह्यांनी उपरणं खुंटीला लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. "मी आता पंचतीर्थी सकाळीच घेतो," ते म्हणाले. "श्राद्धाच्या आधी. मतलब, दुपारच्या आत सगळं आटपतं. लोकांना फुरसत नसते." मग म्हणाले, "बहुतेक एक रात्र. काही तर तेवढीही नाही."

स्वतःच्या हातांनी त्यांनी विधींची वेळ बदलली होती, तरी तोंडात तीन रात्रीच होत्या. ते खोटं बोलले नव्हते. त्यांच्या मनात काशी अजून तीन रात्रींचीच होती. त्या क्षणी मला त्यांची जितकी दया आली, तितकी लग्नाच्या इतक्या वर्षांत कधी आली नव्हती.

सूनबाईने सामाजिक घटकाखालची सगळी वाक्यं खोडली आणि एकच लिहिलं: 'यजमान एक रात्र राहतात.' पुढच्या रकान्यात तीनच्या जागी एक घातला. नव्वदच्या तीस झाल्या. साठ कुठेच दिसेनात.

तिने हार मानली नाही, तेवढं सांगायला हवं. चार-पाच दिवस ती फिरत राहिली. नुसत्या आंघोळीला आणि कपडे बदलायला अर्ध्या भाड्यात खोली द्यायची, असं धरून पाहिलं. जेवणाचे पैसे धरले. भाडं वाढवून पाहिलं, पण तेवढ्या पैशांत स्टेशनाजवळ लिफ्टवाली खोली मिळते, हे तिनेच शोधून काढलं. मी मध्येच म्हटलं, "दोन रात्री धर ना. काही लोक राहतात दोन." ती थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "धरते, आई. किती लोक राहतात?" मी बोटं मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिलं.

शेवटी तिने कागद मिटले. मी न राहवून विचारलं, "मी बोलले नसते तर?"

"बँकेने कर्ज दिलं असतं," ती म्हणाली. "फाईल चांगलीच होती. मग दर महिन्याला हप्त्याच्या तारखेला आपल्याला कळलं असतं." मग तिने माझा हात धरला. "तुम्हाला आम्ही इथे हवे होतो, हे मला ठाऊक आहे. तरी बोललात."

मी तिच्यावर खेकसले की, स्वयंपाक पडलाय, सोड. दुसरं काय करणार होते?

ते पुण्याला गेले. सामान ठेल्यावर घालून गल्लीतून मैदागिनच्या चौकापर्यंत नेलं आणि तिथून गाडी केली. नात ठेल्यावर बसायचा हट्ट धरत होती, तिला आजोबांनी बसवलं. घर एवढं मोठं आहे, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. मी विश्वनाथाशी काही दिवस बोलले नाही.

सूनबाईला पुण्यात पुन्हा बँकेत काम मिळालं आहे. लोकांचे आराखडे वाचते आणि काट मारते. फोनवर सांगताना तिचा आवाज खुलतो, आणि मला बरं वाटतं, अगदी मनापासून वाटतं.

आता दिवाळीला येणार आहेत. तिकिटं काढल्यावर मुलाचा फोन आला. मी विचारलं, "किती दिवस?"

तो जरा घुटमळला. "दोन रात्री, आई. हिची सुट्टी, शाळा, सगळं बघून…"

"बरं," मी म्हटलं. ह्यांनी विचारलं तेव्हा त्यांनाही 'दोन रात्री' एवढंच सांगितलं. त्यांनी उपरणं खुंटीवरून काढलं आणि पुन्हा लावलं.

दिवाळीत हवा गार असते, मोड यायला वेळ लागतो. म्हणून त्यांचं विमान पुण्याहून उडायच्या आदल्या दिवशीच मी मटकी भिजत घातली.