डाव्या मनगटावरचं गोंदण

आमच्या घरातल्या चौकटीबंद फोटोत तिसऱ्या खुर्चीवर बसलेली बाई कोण, हा प्रश्न मी सातवीत असताना सोडवायला घेतला. फोटो बहात्तरच्या दुष्काळातला, गेवराई तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध सोसायटीच्या पहिल्या पंचांचा. चार पुरुष आणि एक बाई, तिचा चेहरा पदराआड झाकलेला. सगळे सांगत, ती बाई म्हणजे आमची आजी.

फोटोग्राफरने सर्वांना हात गुडघ्यांवर ठेवायला लावले होते. शाळेतल्या भिंगातून मला त्या बाईच्या बांगड्या मोजता आल्या. डाव्या मनगटावर मात्र काहीच नव्हतं. आजीच्या तिथे तुळशीचं गोंदण होतं.

"आजी, ही कोण हाय?"

"मीच की." ती ज्वारी निवडत राहिली.

"मग गोंदण?"

"उमटलं नसंल."

"शेजारच्याच्या घड्याळाचा पट्टा उमटलाय. तू कधी गोंदलंस?"

"लग्नाआधी." हे बोलून ती थांबली. लग्नाआधीचं गोंदण लग्नानंतरच्या फोटोत असायलाच हवं, हे तिलाही कळलं असावं. "लई चौकस झालीस तू!"

सुपातली ज्वारी तिने दोनदा उगाच पाखडली. मग म्हणाली, "माझी जाऊ हाय ती."

त्या दिवशी पाण्याचा टँकर आणि फोटोग्राफर एकाच वेळी आले. आजी घागरींच्या रांगेत होती, रांग सोडली तर पाणी हुकणार होतं. जाऊबाईंना नववा महिना. घागर उचलणं शक्य नव्हतं, खुर्चीवर बसणं शक्य होतं. त्या पदर पुढे ओढून आजीच्या जागी बसल्या. पुढच्याच आठवड्यात बाळंतपणात त्या गेल्या. मागे राहिलेल्या मुलाला, माझ्या चुलत्यांना, आजीने वाढवलं. आईचा एकही फोटो नाही, असंच ते समजत आले होते.

"मग सांगितलं कावून न्हाईस?"

"पंच मी, बसली ती. वाटलं, सोसायटीतून माझं नाव काढत्याल. त्या भ्यानं गप बसले. पुढं त्याला सांगायचं तोंडच राहिलं न्हाई."

संध्याकाळी चुलते दुधाची किटली घेऊन आले. आजी उठली आणि तिने स्वतः फोटो खिळ्यावरून उतरवला.

"मोठी माय, काच फुटली का?"

"न्हाई. ही मी न्हाई, बाबा. ही तुझी माय हाय."

त्यांनी सदऱ्याच्या टोकाने काच पुसली, पुन्हा पुसली. मग विचारलं, "ह्यानंतर किती दिसांनी झालतो मी?"

"आठ-धा दिसांनी."

"म्हंजी मी बी हाय की फोटोत!"

आजी हसली, मग पदराने डोळे पुसू लागली. फोटो त्या रात्रीपासून चुलत्यांच्या घरी आहे. मागच्या पुठ्ठ्यावर पाचही नावं मी लिहिली, आजीने सांगितली तशी.

तुमच्या घरी जुना फोटो असेल, तर सांगितलेलं नाव लिहिण्याआधी भिंग घेऊन हात पाहा आणि मग घरातल्या वडीलधाऱ्यांना पुन्हा एकदा विचारा. माझंही नुसतं ऐकून घेऊ नका. स्वतः तपासून पाहा.