बाबांच्या गुडघ्याची जाहिरात

ट्रॉय या अमेरिकी गावातल्या आमच्या घरात हिवाळ्यात चांगला उजेड दिवसातून फक्त तीन तास असतो. साधारण अकराच्या सुमाराला तो हॉलच्या मोठ्या खिडकीतून आत येतो, बाहेरच्या बर्फावरून उसळून आल्यामुळे दुधासारखा मऊ, आणि दोन वाजले की सोफ्याच्या कडेवरून हळूच उतरून निघून जातो. माझी नोकरी गेल्यानंतरची ती दोन वर्षं मी त्या तीन तासांतच जगले, असं आता वाटतं.

गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे. एका सकाळी आमची अख्खी टीमच काढून टाकली. घरी बसून अर्ज पाठवत होते तेव्हा माझ्या मुलीनं मला हा नवा धंदा दाखवला. ती तेव्हा अकरावीत होती. "आई, यू डोन्ट नीड फॉलोअर्स," ती म्हणाली, "जस्ट मेक द व्हिडिओ. दे पोस्ट इट." म्हणजे असं की कंपनी आपली वस्तू घरी पाठवते. आपण ती आपल्याच स्वयंपाकघरात, आपल्याच सोफ्यावर, साध्या माणसासारखी वापरायची आणि फोनवर उभा व्हिडिओ काढून द्यायचा. तो आपल्या नाही, त्यांच्या पानावर जाहिरात म्हणून फिरतो. मोबदला व्हिडिओमागे ठरलेला. लोकांनी तो किती पाहिला याच्याशी आपला संबंध नाही.

सुरुवातीला नुसत्या वस्तूच मिळाल्या. मेणबत्त्या, चहाचे डबे, एक विचित्र आकाराची उशी. पाच-सहा व्हिडिओंचे नमुने जमल्यावर पैसे देणारे भेटायला लागले. मी खिडकीसमोर पांढरा पुठ्ठा उभा करायचे, म्हणजे चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूलाही उजेड पडतो. आवाज रेकॉर्ड करताना घराची हीटिंग बंद करायची, कारण तिची घरघर माइकमध्ये येते. मग घर हळूहळू गार होत जायचं आणि इतकं शांत, की बाहेर फांदीवरून बर्फ पडला तरी ऐकू यायचा.

त्या शांततेत बाबा असायचे. आई गेल्यावर मी त्यांना नागपूरहून इकडे आणलं. ग्रीन कार्ड आलं, खोली मिळाली, जाड जॅकेट मिळालं, पण त्यांचं बोलणं तिकडेच राहिलं. ते सकाळी बुद्धवंदना म्हणायचे, खिडकीशी बसायचे. आईबद्दल तर एक शब्द नाही. मीही विचारलं नाही. मला त्यांच्या गप्प बसण्याची भीती वाटायची, आणि माझ्या स्वतःच्या रडण्याचीही.

शूटिंगच्या वेळी मात्र ते आपणहून उठून पुठ्ठा धरायला लागले. एकदा एका हातमोज्यांच्या व्हिडिओत कडेला त्यांचा हात आला. महिनाभरानं तोच व्हिडिओ पाहून एका दुसऱ्या कंपनीचा ईमेल आला. ते गुडघ्याला गुंडाळायची, विजेवर गरम होणारी पट्टी विकत होते. तो हात कुणाचा, ते गृहस्थ कॅमेऱ्यासमोर बसतील का, असं तिथल्या बाईनं विचारलं होतं.

मी बाबांना सांगितलं. त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला.

"माझा गुडघा दाखवायचा?" ते म्हणाले.

"गुडघा आणि चेहरा. आणि दोन वाक्यं बोलायची."

"कागद आहे का काही?"

बाबांनी अख्खी नोकरी भूमी अभिलेख कार्यालयात काढली होती. आठ पानांचा करार मी प्रिंट करून दिला. त्यांनी चष्मा लावून, पेन्सिल घेऊन, तो दोन दिवस वाचला. मी स्वतः आजवर असे करार फोनवर अंगठ्यानं वर सरकवत त्यांवर सही केली होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी एका ओळीखाली रेघ मारून तो माझ्यासमोर ठेवला.

"हे काय लिहून राहिले? इन पर्पेच्युइटी?"

"म्हणजे व्हिडिओ ते कायम वापरू शकतात."

"कायम म्हणजे मी गेल्यावरही?"

माझ्या मागच्या बहुतेक करारांत हीच ओळ होती, हे मला तेव्हा आठवत होतं.

"जमीनसुद्धा आपण मुदतीनं भाडेपट्ट्यावर देतो," बाबा म्हणाले. "चेहरा असा कसा देऊन टाकायचा? मुदत लिहा म्हणावं."

मी भीतभीतच कळवलं. काम जाणार असं धरूनच चालले होते. पण त्या बाईचं उत्तर दुपारीच आलं. जाहिरातीत वापरायची मुदत तीन महिने, पुढे हवं असेल तर पुन्हा मोबदला देऊन वाढवायची. हे इतकं साधं होतं आणि मी कधी मागितलंच नव्हतं. अर्धे पैसे सही झाल्यावर आणि उरलेले व्हिडिओ मंजूर झाल्यापासून तीस दिवसांत, असं ठरलं. बाबांसाठी त्यांच्या नावानं वेगळा कागद आणि वेगळं मानधन. त्यांनी कराचा फॉर्म स्वतःच्या हातानं भरला, प्रत्येक अक्षर चौकटीत. अर्धी रक्कम खात्यात आली तेव्हा ते नुसतं "हं" म्हणाले, पण त्या दिवशी दाढी करताना ते काहीतरी गुणगुणत होते.

पट्टी आली. सोबत स्क्रिप्ट. पहिल्या तीन सेकंदांत म्हणायचं वाक्य असं होतं: तीस दिवस वापरली आणि माझं गुडघ्याचं दुखणं गेलं.

बाबांनी ते वाचून कागद टेबलावर ठेवला. "मी तीन दिवस वापरली."

"बाबा, हे असंच असतं. सगळे म्हणतात."

"तू म्हणतेस?"

मला त्या मेणबत्त्या आठवल्या, ती उशी आठवली. जिच्यावर मी एकदाही झोपले नव्हते आणि जिनं माझी झोप बदलली असं मी हसतमुखानं सांगितलं होतं.

"रोज सकाळी चौथं शील म्हणतो मी," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "खोटं बोलण्यापासून दूर राहीन म्हणतो. मग दुपारी खिडकीत बसून हे कसं बोलू? त्यांना सांग, तीस दिवस वापरतो. मग जे वाटेल ते बोलतो."

मी तसंच्या तसं लिहिलं. या वेळी फोन आला. ती बाई म्हणाली की खरं तर हेच बरोबर आहे, मोबदला घेऊन सांगितलेला अनुभव खराच असायला लागतो, स्क्रिप्ट लिहिणाऱ्यानं घाई केली. दुखणं गेलं वगैरे काढून टाकू. तारीख एक महिन्यानं पुढे गेली.

तो महिना मला स्वप्नासारखा आठवतो. रोज अकराला बाबा सोफ्यावर बसायचे, पट्टी गुंडाळायचे, आणि उजेड त्यांच्या गुडघ्यावर येऊन थांबायचा. ते एका वहीत लिहायचे: आज बरं वाटलं. आज फरक नाही. आज जिना चढलो. बाहेर बर्फ पडत असायचा, खाली येतोय की वर चाललाय ते कळू नये इतका हळू. मुलगी शाळेतून आली की विचारायची, "हाऊज द नी, आजोबा?" आणि ते इंग्रजीत उत्तर द्यायचे, "अंडर ऑब्झर्व्हेशन."

एकतिसाव्या दिवशी मी हीटिंग बंद केली, फोन तिवईवर लावला. बाबा कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "दुखणं गेलं नाही. पण ऊब चांगली आहे. सकाळी उठायला बरं पडतं." मग तेच इंग्रजीत. तीन वेळा घेतलं. मी पुठ्ठा ठेवायला आत गेले, मग दारावर कुणी पार्सल ठेवून गेलं ते आणायला. फोन बंद करायचा राहिला.

कंपनीला व्हिडिओ फार आवडला. एक छोटा बदल सांगितला, तो आमच्या ठरलेल्या मोबदल्यातच होता. मंजुरी आली. आणि सोबत एक विचारणा: न कापलेलं सगळं मूळ फुटेजही मिळेल का? त्याचे वेगळे पैसे, जवळजवळ अर्ध्या व्हिडिओइतके. एरवी हे मी डोळे मिटून देते. पाठवण्याआधी फाइल तपासायची म्हणून उघडली.

तिसऱ्या टेकनंतर मी पडद्यावरून जाते. बाबा एकटे. पट्टीवर दोन्ही हात ठेवून बसलेले. आणि मग, खिडकीकडे बघत, पण मलाच सांगावं तसं, ते बोलायला लागतात. डिसेंबरात मोजणीच्या दौऱ्यावरून रात्री उशिरा परत यायचो. तुझी आई औषधाच्या रिकाम्या बाटलीत गरम पाणी भरायची. बाटली माझ्या पायमोज्यात घालून पांघरुणाच्या पायथ्याशी ठेवायची. मी येईपर्यंत पाणी निवलं तर उठून पुन्हा भरायची. निळी साडी होती तिच्या अंगावर, पदर खांद्याला गुंडाळलेला. मी कधी बोललो नाही तिला, की बरं वाटलं म्हणून.

खिडकीतला उजेड जरासा सरकतो. मी पार्सल घेऊन आत येते, "अरे, चालूच राहिलं की!" म्हणते आणि चित्र संपतं.

स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मी ते चार वेळा पाहिलं. दोन मिनिटं त्या खोलीत माझ्या बाबांचा आवाज होता आणि मी दारात खोका उचलत होते.

कंपनीला मराठी कळलं नसतं. तरी मी लिहिलं की मूळ फुटेज देता येणार नाही. बाईनं कारण विचारलं नाही, ठरलेला व्हिडिओ पुरेसा आहे म्हणाली. उरलेले पैसे एकोणतिसाव्या दिवशी आले. जाहिरात फिरली. आमच्या इथल्या बुद्ध विहारातल्या एका काकूंनी बाबांना फोनवर त्यांचाच चेहरा दाखवला आणि विचारलं, "भाऊ, खरंच गुण येतो का हो?"

"दुखणं जात नाही," बाबा म्हणाले, "ऊब येते." बहुतेक काकूंनी ती विकत घेतली.

तीन महिन्यांनी मुदत वाढवायची विचारणा आली. बाबांनी होकार दिला. पुन्हा तीनच महिने, पुन्हा लेखी. या वेळी कराराला त्यांनी एकच दिवस लावला.

ते फुटेज मी त्यांना दाखवावं की नाही, हे मला बरेच दिवस ठरवता आलं नाही. शेवटी एप्रिलमध्ये, बर्फ वितळून गवत दिसायला लागल्यावर, त्यांच्या शेजारी बसून लॅपटॉप उघडला. त्यांनी सगळं न हलता पाहिलं. मी त्यांच्याकडे बघत नव्हते.

"निळी नाही," ते म्हणाले.

"काय?"

"साडी. पोपटी होती. निळी नंतरची, तू दहावीत होतीस तेव्हाची." त्यांनी चष्मा काढून पुसला. "चुकीचं सांगून राहिलो तिथं. पुन्हा घेता येईल का?"

मी तिवई आणायला उठले.