ट्रायलशिवाय न होणारा गळा

लेकीचं पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं. सुरुवातच 'टेलर मॅडम, नमस्कार' अशी. माझं डोकंच फिरलं. पण तोंड आधी माझंच सुटलं होतं. दीड वर्षापूर्वी तिनं पसंत केलेल्या मुलाचं नाव ऐकून मी म्हटलं होतं, "त्याच्याशीच करायचंय ना? मग लग्नाचा ब्लाउज दुसऱ्या कुणाकडून शिवून घे." ती खारघरला राहायला गेली आणि मी बोनकोड्यातल्या माझ्या गाळ्यात लोकांच्या मुलींचे लग्नाचे ब्लाउज शिवत बसले.

पत्रासोबत ब्लाउजपीस, मापं आणि दोन फोटो होते. लग्न पुढच्या महिन्यात. मोबाइलवर तिनं आपल्याच फोटोतला गळा पुसून हवा तो बसवला होता. पुढे पानाच्या आकाराचा, मागे मटक्याच्या, दोन्ही खोल आणि ऐसपैस रुंद. कडेला बाण काढून इंच लिहिलेले. 'खांद्याची पट्टी एक इंच. दोरी नको.'

फोटोत काय, काहीही टिकतं. कापडात दोन्ही गळे इतके रुंद घेतले की पट्टी खांद्यावर ठरतच नाही. मागे दोरी तरी हवी, नाहीतर रुंदी कमी करायची. शिवाय एडिट करताना तिचे दोन्ही खांदे एका रेषेत आले होते. तिचा उजवा खांदा लहानपणापासून जरा उतरता. तिच्या प्रत्येक फ्रॉकला त्या बाजूला मी पाव इंच जास्त उतार दिलाय. फोटोत तो खांदा सापडेना, तेव्हा मला भडभडून आलं. रोज आठवण यायची तिची, आणि स्वतःच हाकलल्यावर सांगणार कुणाला?

खरं तर तिला न बघताही मी तो ब्लाउज कापू शकले असते. गळा ताठ राहायला आतून बुकरम, मागे दोरी, उजवीकडे उतार, झालं काम. पण मग तो कुरियरनं गेला असता. म्हणून मीही गिऱ्हाइकाला कळवावं तसं कळवलं, 'हा गळा ट्रायलशिवाय होणार नाही. स्वतः यावे.'

चार दिवस उत्तर नाही. तिच्या कापडाला मी कात्री लावली नाही, नुसतं अस्तर कापून कच्चं शिवून ठेवलं. गाळ्यासमोर रिक्षा थांबली की मान वर व्हायची.

शनिवारी दुपारी ती आली. मी पडदा ओढला, अस्तर तिच्या अंगावर चढवलं, मागे दोरी धरून पाहिली.

"दोरी नको म्हटलेलं मी," ती म्हणाली.

"मग घसरेल."

"बरं, लाव."

मी टाचण्या लावत गेले. पट्टी बसली, गळा बसला, कुठे चुणी नाही. दहा मिनिटांत सगळं झालं. मी सगळ्या टाचण्या काढल्या.

"परत एकदा बघते," मी म्हटलं.

"बघ ना," ती म्हणाली, आणि हात वर करून तशीच उभी राहिली.