साडी मागे लागली

पार्ल्याच्या त्या साडीच्या दुकानात मी शिरलो तेव्हा मालक गादीवर बसून माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच त्यांच्या काउंटरवरून रेशमाचा ताका काखोटीला मारून पळालो होतो. बाजूला त्यांची सून उभी. तिच्या हातात लॅपटॉप, तोंडावर घाम. आणि समोरच्या स्टुलावर, पर्स मांडीवर उभी धरून, एक निवृत्त शिक्षिका. वर्गात गोंगाट झाल्यावर बाई जशा बसतात तशा.

"हेच का ते जाहिरातवाले?" बाईंनी विचारलं.

मी हात जोडले.

अंधेरीत माझं छोटंसं ऑफिस आहे. इंटरनेटवर जाहिराती लावून देणं हा धंदा. या दुकानाची ऑनलाइन शाखा सुनेने सुरू केली होती, सासऱ्यांच्या नाकावर टिच्चून. मी तिला सगळं लावून दिलं आणि रोजचा कारभार तीच बघायची. साइटवर कोणी कार्टमध्ये साडी टाकली आणि पैसे न भरता निघून गेलं, की त्या व्यक्तीला पुढचे काही दिवस तीच साडी जाहिरातीतून दाखवायची. बातम्या वाचताना, पाककृती बघताना, राशिभविष्यात. विसरलेल्यांना आठवण, एवढाच हेतू. आणि माणूस वैतागू नये म्हणून जाहिरातीला कॅप, म्हणजे मर्यादा, लावायची. एका माणसाला दिवसातून दोनदाच, हे मी बाईंना सांगितलं.

"दोनदा?" बाई म्हणाल्या. "अहो, दोनदा तर मी चहा करेपर्यंत होतं! काल माझी व्याही मंडळी आली होती. मोबाइलवर नातवाचे फोटो दाखवून झाले, मग म्हटलं शिऱ्याची कृती दाखवते. उघडते तर इरकल! खाली गेले तर पैठणी! विहीणबाई म्हणाल्या, 'साड्यांचाच नाद दिसतोय.' घाटकोपरहून मेट्रोने आलेय मी, हे सांगायला. माझ्या मैत्रिणींनाही सांगितलंय, या दुकानाच्या साइटवर पाऊल टाकू नका."

मालक हळूच म्हणाले, "पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक आहे हो." मग सुनेकडे न बघता, "बंद करा ते. आज. संध्याकाळपर्यंत."

"बाबा, जाहिरात की साइट?"

"दोन्ही."

सुनेने लॅपटॉप मिटला नाही, एवढंच. ऑनलाइनचं काम तिचं एकटीचं होतं. फोटो तीच काढायची, पार्सलं तीच बांधायची, आणि मुलाला शाळेतून आणताना रिक्षात बसून गिऱ्हाइकांना उत्तरं द्यायची. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"दादा, बघा ना. कॅप आहे. दिवसाला दोन. पैठणीला दोन, इरकलला दोन. आकडे पण बरोबर दिसतायत. मी काहीच चुकीचं केलं नाहीये यार!"

"यार" सासऱ्यांसमोर निघाला होता. मालकांच्या भुवया वर गेल्या.

आणि माझ्या कानात राहिलं ते त्याआधीचं. पैठणीला दोन, इरकलला दोन.

"बाई," मी म्हटलं, "एक विचारू? तुम्ही कार्टमध्ये साड्या किती टाकल्या होत्या?"

बाई जरा सावरून बसल्या. "त्याचा काय संबंध?"

"आहे संबंध."

"असतील सहा-सात. अहो, विकत नव्हत्या घ्यायच्या सगळ्या! बाजूला काढून ठेवल्या. बहिणीला दाखवायला."

मी मालकांकडे बघितलं, मालकांनी माझ्याकडे. साडीच्या दुकानात हे रोज घडतं. बायका पसरलेल्या ढिगातून पाच-सहा साड्या उचलतात, "या बाजूला ठेवा हं" म्हणतात, आणि त्यातली एक घेतात किंवा एकही नाही. साइटवरही त्या तेच करणार, दुसरं काय? कार्ट म्हणजे त्यांच्या लेखी खरेदी नव्हे, बाजूला ठेवलेला गठ्ठा.

आता सुनेची हुशारी ऐका. प्रत्येक प्रकारच्या साडीवर वेगळा खर्च करता यावा म्हणून तिने प्रत्येकाची वेगळी जाहिरात-मोहीम केली होती. पैठणीची एक, इरकलची एक, नारायणपेठची एक, खणाची एक. आणि प्रत्येकीला स्वतःची कॅप. पण पैठणीच्या मोहिमेला इरकलने बाईंना किती वेळा गाठलं याचा पत्ताच नसतो. प्रत्येक मोहीम आपल्यापुरती सभ्य! सगळ्या मिळून मात्र मोर्चा. बाईंनी जितके प्रकार कार्टमध्ये टाकले, तितक्या मोहिमा त्यांच्या मागे लागल्या.

मी सांगत असताना सुनेचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"वाट लागली," ती पुटपुटली.

"अजून एक," बाई म्हणाल्या, आता त्यांना चौकशीत रस आला होता. "मी त्यातली ही नारायणपेठ परवा इथेच येऊन घेतली. हात लावून बघितल्याशिवाय मी नाही घेत. तरी ती येतेच आहे."

साइटला दुकानातली खरेदी कळत नाही. ज्यांनी साइटवर पैसे भरले तेवढेच जाहिरातीतून वगळले जात होते. म्हणजे या बाईंना त्या नेसून बसलेल्या साडीचीच आठवण करून दिली जात होती.

"बंद," मालक म्हणाले.

"बाबा, दुरुस्त होतं हे!"

"मी दारातून बाहेर पडलेल्या बाईला किती वेळा हाक मारतो गं?"

सुनेने लॅपटॉप छातीशी धरला.

"सांग की. तू रोज बघतेस."

"एकदा."

"चपला घालत असते तेव्हा. 'ताई, ठेवतो हं बाजूला.' संपलं. रस्त्यात मागे धावलो तर परत येईल ती?"

सुनेने लॅपटॉप काउंटरवर ठेवला, शालूंच्या गठ्ठ्यावरच, आणि टाइप करायला लागली. कोणालाही न विचारता. सगळ्या मोहिमा बंद, त्यांच्या जागी एकच. त्या एकाच जाहिरातीत कार्टमधल्या सगळ्या साड्या एकापाठोपाठ. आणि कॅप त्या एका मोहिमेला.

"दिवसाला एक," ती म्हणाली. "तीन दिवस. मग नाव यादीतून बाहेर. आणि इथे बिल करताना आपण विचारायचं, फोन नंबर जाहिरात थांबवायला वापरू का. हो म्हणाल्या, तर त्यांना वगळायचं."

"तीन दिवस कशाला? एकदा म्हटलं ना."

"तुम्ही हाक मारता तेव्हा ती ऐकते, बाबा. जाहिरात दिसली तरी बघेलच असं नाही. तीन हव्यात."

मालक बाईंकडे वळले. "तुम्ही सांगा. तीन चालतील?"

बाईंनी पर्स आडवी केली.

"एका दिवसात नाही ना? चालतील," बाई म्हणाल्या. "पण व्याह्यांसमोर नको."

तेवढी सोय कुठल्याच मोहिमेत नसते, पण मी मान डोलावली.

मालकांनी निकाल दिला नाही. "आठवडाभर बघतो," एवढंच. तो आठवडा सुनेने मला इतके फोन केले की तिच्या फोनलाच कॅप लावायची वेळ आली. कार्ट सोडून गेलेल्यांकडून पहिले दोन दिवस एकही ऑर्डर नाही. मग एक आली, भांडुपहून. मग पुन्हा शांतता.

आठवड्याच्या शेवटी मालकांचाच फोन. आवाज दबका.

"अहो, मी एक खणाची साडी टाकली होती कार्टमध्ये. माझ्या मोबाइलवरून. बघायला."

"बरं."

"तीन दिवस दिसली. रोज एकदाच. काल आणि आज शोधतोय, कुठेच नाही."

"मग बरोबर चाललंय, काका."

"चाललंय म्हणजे... मला वाटलं, बंद पडलं की काय." मग जरा खाकरून, "शनिवारी या जरा. समोरचं काचेचं शोकेस रिकामं करतोय. सुनेला फोटो काढायला उजेड लागतो म्हणे. आणि खणाच्या साडीचं मी तिला सांगितलेलं नाही, तुम्हीही बोलू नका."