कोरड्या विहिरीतली मोटर आणि आबांचा जबाब

ती घटना आठवली की आजही मान थोडी खाली जाते, आणि एका माणसाबद्दल ऊर भरून येतो. सत्तरच्या दशकात मी सांगलीकडे नवा फौजदार होतो. ठाण्यातले जुने हवालदार, ज्यांना सगळे आबा म्हणत, त्यांनीच मला पंचनामा लिहायला शिकवला. एका जत्रेत दंगल उसळली, तेव्हा माझ्या डोक्यावर येणारा दगड त्यांनी स्वतःच्या कपाळावर घेतला होता.

माधवनगरच्या एका विणकराच्या यंत्रमागाची मोटर चोरीला गेली. माग बंद, घर बसलेलं. चहावाल्याकडून खबर मिळाली, की त्याच भागातला एक फिटर मोटरीसाठी गिऱ्हाईक शोधतोय. आम्ही त्याला आणलं. दोन तास तो कशालाच कबूल होईना; उलट चोरीच्या रात्री किती वाजता कुठं होतो, ते मिनिटासकट सांगत राहिला. न विचारता घड्याळ लावून वेळा सांगणारा माणूस बहुधा खोटं बोलत असतो, हे मला तिथंच कळलं.

आबांनी त्याला चहा दिला आणि सहज म्हणाले, "एकट्यानं मोटर कशी न्हेली असंल? कमरंला दोरी बांधून?"

"तशी बांधली तर घसरंल की! खालनं आडवी घ्यावी लागती," फिटर बोलून गेला आणि जीभ चावून गप्प बसला.

पण कुठं ठेवली ते सांगेना. दुसऱ्या दिवशी मला साताऱ्याला कोर्टात साक्षीला जायचं होतं. परत आलो तेव्हा आबा म्हणाले, "साहेब, गडी जागा दाखवतो म्हणतोय. उद्या पंच बोलवू."

इथं कायदा समजून घ्यायला हवा. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. पण आरोपीच्या सांगण्यावरूनच वस्तू सापडली, तर तेवढं बोलणं पुराव्यात येतं. म्हणून आधी दोन पंच बोलवायचे, त्यांच्यासमोर त्याचं निवेदन लिहायचं, मग आरोपी पुढं आणि आपण मागं. पोलिसांना जागा आधीच ठाऊक असेल, तर सगळं मुसळ केरात.

तसंच केलं. शिवारातल्या एका कोरड्या विहिरीत, कडब्याखाली मोटर निघाली. पंच जरा लांब होते. फिटर माझ्या कानाशी पुटपुटला, "साहेब, एकच मोटर किती येळा काढायची? काल बी काढली की."

मी आबांकडं पाहिलं. त्यांनी बाजूला नेऊन सांगितलं, "काल पंच मिळंनात. त्याचा कुणी जोडीदार माल हलवंल म्हणून आदी काढून बघितली आन् परत ठेवली. चोर त्योच हाय, साहेब. कागुद तेवढा नीट करू."

मी पंचनाम्यावर सही केली. होय, कळूनसवरून केली.

खटला उभा राहिला. आदल्या दिवशी मी आबांना म्हणालो, "विचारलं तर मी खरं सांगणार."

"आन् न्हाई विचारलं तर?"

"तर आपणहून सांगणार नाही."

आबा ठाण्याचा रोजनामा उघडून लिहीत बसले.

आरोपीच्या वकिलांनी विचारलंच. "पंचांच्या आधी पोलीस त्या विहिरीवर गेले होते का?" समोर विणकर हात जोडून बसला होता. मागच्या बाकावर आबा होते, कपाळावर तो व्रण. मी म्हणालो, "होय. आदल्या दिवशी."

फिटर सुटला. विणकराला त्याची मोटर मिळाली, पण तो मला म्हणाला, "साब, माग चालू झाला. पण तो रोज माझ्या दारावरून शीळ घालत जातो."

आबांची खातेनिहाय चौकशी लागली. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, "फौजदारांना हे केव्हा समजलं?"

आबा सरळ उभे राहून म्हणाले, "पंचनामा झाल्यावर लय दिवसांनी, साहेब. सही केली तवा त्यांना कायबी ठावं नव्हतं."

धडधडीत खोटं. मग मला विचारलं, "हे बरोबर आहे?" कोर्टात जे तोंड उघडलं होतं, ते इथं उघडेना. घरी लहान लेकरं होती, नोकरी नवी होती. मी म्हणालो, "बरोबर आहे."

मला ताकीद मिळाली. आबांना हवालदारावरून एक पायरी खाली, नाईक केलं आणि नाईक म्हणूनच ते निवृत्त झाले.

पुढं मी कुंडलजवळच्या त्यांच्या गावी गेलो आणि पाया पडलो. रडलोही. ते म्हणाले, "आवं, उठा की! कोर्टात तुमी खरं बोलला, बरं केलं. चौकशीत मी खोटं बोललो, त्ये बी बरं केलं. चूक माझीच हुती. च्या घ्या."

नंतर हाताखालच्या प्रत्येक पोराला मी बजावत आलो, पंच मिळेपर्यंत थांबा, माल गेला तरी चालेल. लोक म्हणत, साहेब फार सचोटीचे. मी मान हलवायचो. ती सचोटी दाखवायला जी नोकरी लागली, ती आबांच्या एका खोट्या जबाबामुळं राहिली. त्यांचे उपकार मी कधी जाहीर बोलू शकलो नाही. ते गेल्यावर आज लिहितोय.